साप्ताहिक रेफरल गट

एका शहरातील किंवा उपनगरातील छोटे व्यावसायिक आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जमतात आणि आपल्या ओळखीतील गिऱ्हाइके एकमेकांकडे पाठवतात. सभासदत्वाचे बंधन असलेल्या अशा गटाला साप्ताहिक रेफरल गट म्हणतात. एका व्यवसायाला एकच जागा, हजेरीची सक्ती आणि दिल्या-घेतल्या कामाची लेखी नोंद ही त्याची तीन लक्षणे होत. व्यापारी संघटनेत एकाच धंद्यातले अनेक जण एकत्र येतात व धंद्याचे सामाईक प्रश्न सरकारदरबारी मांडतात. रेफरल गटात मात्र दोन इंटिरिअर डिझायनर किंवा दोन विमा प्रतिनिधी एका टेबलावर बसू शकत नाहीत.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे जाते, याविषयी एकमत नाही. सामान्यतः अमेरिकेतील आयव्हन मिस्नर यांनी १९८५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेचे नाव घेतले जाते. त्याच राज्यात लेटिप ही संस्था १९७८ पासून याच धर्तीवर काम करत होती, म्हणून काही जण तिला अग्रमान देतात. तथापि दोन्ही संस्थांची मूळ यंत्रणा त्याहून बरीच जुनी दिसते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपीकामाचे व्यावसायिक हायरम शोरी हे चौघे भेटले. त्यातून जन्मलेल्या रोटरी क्लबात आरंभीची काही वर्षे एका व्यवसायाचा एकच सभासद घेतला जाई आणि सभासदांनी परस्परांना दिलेल्या कामाची नोंद ठेवण्यासाठी ‘स्टॅटिस्टिशियन’ नावाचा पदाधिकारी असे. १९०६ च्या सुमारास पेटंट वकील डोनाल्ड कार्टर यांनी, केवळ सभासदांचा फायदा पाहणारा क्लब टिकणार नाही, असा आक्षेप घेतला. पुढच्या काही वर्षांत रोटरी समाजसेवेकडे वळली आणि कामाच्या नोंदी मागे पडल्या. एक जागा, ठरलेली बैठक व नोंदवही हे तिन्ही घटक शिकागोत एकत्र आढळतात, हे पाहता १९०५ ही सुरुवात मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. रोटरीने सोडून दिलेली हिशेबाची बाजू पुढे कॅलिफोर्नियातील संस्थांनी उचलली. ती त्यांनी थेट तिथूनच घेतली का, हा मुद्दा वेगळा.

गट वाढतात कसे, याचे उत्तर एक-जागेच्या नियमातच आहे. जागा भरलेली असल्याने परत पाठवलेला माणूस स्वतःचा दुसरा गट उभा करतो. बीएनआयचा दुसरा गट असाच निघाल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी साधारण २००० च्या सुमारास सॅटर्डे क्लबची स्थापना केली. बीएनआयच्या शाखा, म्हणजे चॅप्टर, मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आहेत.

बैठक : बीएनआय पद्धतीची बैठक सुमारे दीड तासाची, बहुधा सकाळी दुकाने उघडण्याआधीची असते. प्रत्येक सभासद मिनिटभर बोलतो, एक जण आळीपाळीने सुमारे दहा मिनिटे आपल्या कामाची सविस्तर माहिती देतो आणि शेवटी कोणासाठी कोणते गिऱ्हाईक आहे हे लिहिलेल्या चिठ्ठ्या एकमेकांना दिल्या जातात. चाळीस सभासदांच्या गटात या मिनिटांचीच चाळीस मिनिटे होतात, म्हणून घड्याळावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सचिव-खजिनदार सहा महिन्यांनी बदलतात. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त गैरहजेऱ्या चालत नाहीत. स्वतःला येणे जमत नसेल तर बदली माणूस पाठवता येतो. नियम कडक वाटला तरी त्यामागे कारण आहे : ज्याचे काम आपण पाहिलेले नाही आणि जो दिसतही नाही, त्याच्या भरवशावर कोणी आपले गिऱ्हाईक पाठवत नाही.

लीड आणि रेफरल : गटाचे यश या दोहोंतला फरक पाळण्यावर अवलंबून असते. ‘अमुक सोसायटीत गळती आहे, हा नंबर’ ही लीड. समोरच्याला गरज आहे, त्याच्याशी बोलणे झाले आहे आणि तो फोनची वाट पाहतो आहे, असे असेल तरच ते रेफरल. हे ओळखण्याची साधी खूण म्हणजे पहिल्या फोनवरचे पहिले वाक्य. ‘हो, त्यांनी सांगितलं होतं’ असे उत्तर आले तर रेफरल खरे. ‘कोण बोलतंय? नंबर कुठून मिळाला?’ असे आले तर चिठ्ठी नुसती लीडची होती.

मागणे : देण्यापेक्षा मागण्यातच सभासद अधिक चुकतात. ठाण्यातील एक गट कल्पिला आणि त्यात वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार असला, तर तो बहुधा म्हणतो, ‘कोणालाही वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर आठवण ठेवा.’ हे ऐकून कोणाच्याही डोळ्यांसमोर एकही चेहरा येत नाही. तोच जर म्हणाला, ‘नौपाड्यात पंधरा वर्षांहून जुनी इमारत असलेल्या सोसायटीचे सचिव मला भेटायला हवेत, आणि गच्चीला लागून लिफ्टची मशीनरूम असेल तर उत्तम,’ तर लिफ्टची देखभाल करणारा सभासद लगेच मान वर करतो, कारण तो दर महिन्याला अशाच मशीनरूममध्ये उभा असतो. पंधरा वर्षांची मर्यादाही उगाच निवडलेली नाही. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. त्यामुळे अशा सोसायटीत दुरुस्तीचा विषय समितीपुढे आलेला असण्याची शक्यता जास्त. मागणीत जागा, माणसाचे पद आणि डोळ्यांना दिसणारी एक खूण एवढे असले की पुरते. एका आठवड्यात एकच मागणी करावी. तीन केल्या तर एकही लक्षात राहत नाही.

देणे : आता हेच उदाहरण पुढे नेऊ. लिफ्टवाल्याला मशीनरूमच्या छताला ओल दिसते, कंट्रोल पॅनेलवर पाणी ठिबकायच्या बेतात असते. इथे घाई करणारा सचिवांचा नंबर चिठ्ठीवर लिहून मोकळा होतो. जाणता सभासद आधी सचिवांनाच विचारतो : ‘काका, पॅनेल भिजलं तर लिफ्ट बंद पडेल. गच्चीचं काम करणारे आमच्या ओळखीचे आहेत, त्यांचं काम मी पाहिलंय. त्यांना तुमचा नंबर देऊ का? उद्या संध्याकाळी सातनंतर फोन आला तर चालेल?’ सचिव हो म्हणाले की मग चिठ्ठी लिहायची. तिच्यात नाव, पद, फोन, फोन करण्याची वेळ, नेमकी अडचण, आपण काय सांगितले आहे आणि गरज किती तातडीची आहे हे हवे. बीएनआयच्या चिठ्ठीवर तातडीसाठी एक ते पाच असे आकडे असतात. ‘पाच’ तेव्हाच द्यावा जेव्हा समोरचा याच महिन्यात काम करायला निघाला आहे. लिफ्टवाल्याने कंत्राटदाराचे काम खरोखर पाहिलेले हवे. त्यासाठी सभासद बैठकीबाहेर दोघे-दोघे तासभर भेटतात, त्याला वन-टू-वन म्हणतात. ही भेट कामाच्या जागी झाली तर जास्त उपयोगी पडते : चालू असलेली गच्ची, गळती तपासायला तिच्यावर उभे केलेले पाणी आणि खालच्या मजल्याचे कोरडे छत एकदा पाहिले की शिफारस करताना शब्द शोधावे लागत नाहीत.

घेणे : चिठ्ठी मिळाल्यावर चोवीस तासांच्या आत, ठरलेल्या वेळी फोन करावा. पहिल्या वाक्यात देणाऱ्याचे नाव घ्यावे, दर सांगू नये, भेटीची वेळ ठरवावी. त्यानंतर देणाऱ्याला दोन ओळी कळवणे हा टप्पा सर्वात जास्त वेळा गळतो. लिफ्टवाला पुढच्या महिन्यात त्याच सोसायटीत जाणार आहे, आणि ‘तुमचा माणूस आलाच नाही’ हे त्याला सचिवांकडून कळले तर तो पुन्हा चिठ्ठी देत नाही. चिठ्ठी नाकारायची असेल तरी तेही त्याच दिवशी सांगावे.

यापुढे धीर लागतो. सोसायटी बहुधा तीन कोटेशने मागवते, समितीत चर्चा होते, मोठा खर्च असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव होतो. चिठ्ठी जूनमध्ये मिळाली तर ओल्या गच्चीवर कोटिंग धरत नसल्याने काम पाऊस संपून गच्ची सुकल्यावरच सुरू होते. जूनची चिठ्ठी दिवाळीनंतर फळाला येणे हा या धंद्यातला नेहमीचा क्रम आहे. म्हणून चार आठवड्यांत काम झाले नाही एवढ्यावरून ती चिठ्ठी वाया गेली असे मोजणे चूक. याउलट केटरर किंवा छपाईवाल्याच्या चिठ्ठीचा निकाल आठवड्यात लागतो. एकाच गटातील दोन सभासदांच्या आकड्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात घेतला जात नाही आणि नाराजी सुरू होते.

नोंद आणि बिघाड : पैसे हाती आल्यावर घेणारा ‘धन्यवाद-चिठ्ठी’ भरतो. तिच्यावर बिलाची रक्कम येते, नफा नाही. वरील काम चार लाखांचे झाले तर चिठ्ठीवर चार लाखच लागतात, त्यातून साहित्य व मजुरी वजा होत नाही. सबब गटाने जाहीर केलेल्या कोटींच्या आकड्यावरून सभासदांच्या खिशात किती पडले हे कळत नाही.

गट बिघडल्याची पहिली खूण म्हणजे दर आठवड्याला किमान एक चिठ्ठी द्यायचीच, असा दबाव. मग लोक स्वतःच एकमेकांकडून माल घेऊन चिठ्ठ्या भरतात. बीएनआयच्या चिठ्ठीवर सभासदाने स्वतः घेतलेले काम ‘आतले’ आणि बाहेरच्या माणसाचे ‘बाहेरचे’ असे वेगळे नोंदवतात. हा फरक उपाध्यक्षाने दर महिन्याला वाचावा. आतल्या चिठ्ठ्या सतत निम्म्याहून जास्त दिसू लागल्या तर गटात बाहेरचा पैसा येत नाही, तोच पैसा फिरतो आहे. दुसरी खूण म्हणजे गिऱ्हाइकाशी आधी न बोलताच दिलेल्या चिठ्ठ्या. तिसरी म्हणजे जागांची वाटणी : गटात सहा जण विमा, कर्ज व गुंतवणुकीच्या आसपासचे आणि घरदुरुस्तीतला एकही नसेल, तर सहाही जण त्याच गिऱ्हाइकाकडे पाहत राहतात. लिफ्ट, वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लंबिंग, पेस्ट कंट्रोल असे एकाच सोसायटीत पायरीपायरीने जाणारे व्यवसाय असले की एक ओळख चौघांना पुरते. अशा उपगटाला ‘पॉवर टीम’ म्हणतात.

मर्यादा : सर्व व्यवसायांना ही पद्धत सारखी लागू पडत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन किंवा भेट देणे-घेणे डॉक्टरांना २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मना आहे. चार्टर्ड अकाउंटंटना १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार व्यक्तिशः काम मागता येत नाही, आणि वकिलांवर बार कौन्सिलच्या नियमांनी तसेच बंधन आहे. मिनिटभर उभे राहून गिऱ्हाईक मागणे हा गटाचा गाभाच असल्याने या व्यावसायिकांनी सभासदत्व घेण्यापूर्वी आपल्या नियामक संस्थेकडे लेखी विचारणा करावी. इतरांच्या बाबतीतही गटात टक्केवारी ठरवून चिठ्ठ्या देणे टाळले जाते. कमिशन सुरू झाले की सोसायटीचे सचिव आणि कंत्राटदार यांच्यामध्ये लिफ्टवाला दलाल म्हणून उभा राहतो, आणि त्याच्या ‘काम पाहिलंय’ या शब्दावर सचिव विसंबत नाहीत.