गगनबावड्याचा पाऊस राधानगरीत

आमच्या गल्लीतला एक मुलगा शेतकीचं शिक्षण घेतो. गेल्या पावसाळ्यात तो मोबाईलमध्ये काही फोटो घेऊन आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांच्या रोजच्या पावसाचे छापील तक्ते होते ते. एका एका तक्त्यात महिनाभराच्या तारखा खाली उतरत जाणाऱ्या, आणि वर बारा तालुक्यांचे बारा अरुंद रकाने. फोटोतून आकडे उचलून एक्सेलमध्ये टाकायचे होते. "काका, आकडे चांगले येतायत, पण वरची नावंच गंडतायत," तो म्हणाला.

नावं गंडणारच होती. रकाना बारा मिलिमीटर रुंद, आणि त्यावर 'हातकणंगले' आडवं बसत नाही. मग छापणारा दोनपैकी एक करतो. एक तर नाव उभं करतो, म्हणजे वाचणाऱ्याने मान डावीकडे कलवायची, नाहीतर पंचेचाळीस अंशात तिरकं करतो. त्या मुलाकडे दोन्ही प्रकारचे तक्ते होते. जुन्या वर्षांचे उभ्या नावांचे, नव्या वर्षांचे तिरक्या नावांचे. दोघांचं दुखणं मात्र वेगळं होतं.

आधी उभ्यांचं बघू. अक्षरं ओळखणारा ओसीआर प्रोग्रॅम ओळ आडवी आहे असं धरूनच चालतो, त्यामुळे नाव त्याच्यापुढे नव्वद अंशांत फिरवून ठेवायला हवं. एवढं सोपं वाटतं, पण त्याआधीच देवनागरी एक खोडी काढते. तक्ता वाचायचा तर पहिलं काम म्हणजे छापील रेघा शोधून पुसणं. त्यासाठी प्रोग्रॅम सलग काळे उभे पट्टे शोधतो आणि ठरावीक लांबीपेक्षा मोठा पट्टा दिसला की तो आखणीची रेघ समजतो. इंग्रजी मथळ्यांना याने काही होत नाही. आपलं 'गगनबावडा' उभं केलं की त्याची शिरोरेषाही उभी होते, आणि ती असते सलग, जाड, काळी, थेट आखणीच्या रेघेसारखी. त्या फोटोत एका मिलिमीटरला साधारण बारा पिक्सेल येत होते. नाव बावीस मिलिमीटर लांब, म्हणजे शिरोरेषा २६४ पिक्सेल. मुलाने रेघेची मर्यादा १५० पिक्सेल ठेवली होती. साहजिकच आखणीबरोबर नावांच्या शिरोरेषाही साफ झाल्या आणि उरली ती सुटी, भुंडी अक्षरं.

यावरून ओळखायचंही सोपं आहे. उभ्या मथळ्यांच्या तक्त्यात लांब नावं बिघडली आणि 'कागल', 'आजरा' ही छोटी बरी आली, तर संशय शिरोरेषेवर घ्यावा. 'भुदरगड' कधीकधी बचावतं, कारण 'भ'च्या डोक्यावर रेघ तुटलेली असते आणि सलग पट्ट्याची लांबी कमी भरते. उपाय म्हणजे मर्यादा मथळ्याच्या पट्टीच्या उंचीहून बरीच जास्त ठेवणं. आखणीची रेघ तक्त्याच्या टोकापर्यंत जाते, त्या पानावर ती दोन हजारांहून जास्त पिक्सेल होती. मर्यादा हजारावर नेली की दोघी सहज वेगळ्या झाल्या.

आता फिरवायचं कुठल्या बाजूला? टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम पानाची दिशा स्वतः ओळखू शकतो, पण त्याला त्यासाठी पुरेशी अक्षरं लागतात. पाच अक्षरांचं नाव दिलं की तो `Too few characters. Skipping this page` म्हणून हात वर करतो. त्याची `--psm 5` ही सोयही अनेकांना फसवते. उभ्या मजकुरासाठी म्हणून लोक ती वापरतात, पण ती जपानीसारख्या खरोखर वरून खाली लिहिल्या जाणाऱ्या लिपीसाठी आहे. आपलं नाव उभ्या लिपीत नाही, आडव्या लिपीतलंच नाव फिरवून ठेवलंय.

इथे मघाशी खोडी काढणारी शिरोरेषाच कामाला येते. नावाच्या चौकटीतल्या प्रत्येक उभ्या ओळीत काळे ठिपके किती, हे मोजायचं. एका ठिकाणी मोजणी एकदम उसळते, ती शिरोरेषा. अक्षरांचे काने मथळा उभा झाल्यावर आडवे पडतात, ते पसरलेले असल्यामुळे उसळी करत नाहीत. उसळी चौकटीच्या डाव्या अर्ध्यात असेल तर अक्षरांची डोकी डावीकडे आहेत, म्हणून चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. उजव्या अर्ध्यात असेल तर उलट. फक्त आखणीच्या रेघेचा उरलेला काठ चौकटीत आला तर तोही उसळी मारतो, म्हणून चौकट रेघेपासून चार-पाच पिक्सेल आत कापावी. रोमन लिपीच्या मथळ्यांना असली खूण नाही, त्यांना दोन्हीकडे फिरवून जे नीट वाचलं जाईल ते घ्यावं लागतं. नंतर एकच ओळ आहे हे सांगून वाचायला दिलं की झालं:

```
tesseract mathala.png stdout -l mar --psm 7
```

एक तिसरा प्रकारही असतो, महाद्वार रोडवरच्या अरुंद पाट्यांसारखा. त्यात अक्षरं फिरवत नाहीत, एकाखाली एक रचतात. 'का', खाली 'ग', खाली 'ल'. इथे फिरवलं की घोटाळा. लांब उभ्या शिरोरेषेऐवजी छोट्या छोट्या आडव्या रेघा दिसल्या की फिरवायचं नाही, तुकडे वरून खाली जोडायचे.

तिरक्या नावांची गोष्ट जास्त बेरकी आहे. त्या मुलाने पंचेचाळीस अंश फिरवून बाराही नावं अचूक वाचली होती. नावं बरोबर आणि तक्ता चूक, असला प्रकार झाला तो पुढच्या पायरीवर. वाचलेलं नाव कोणत्या रकान्याचं? त्याने साधा नियम लावला होता. नावाच्या चौकटीचा मध्य ज्या रकान्यावर येतो, तो त्याचा रकाना. उभ्या नावांना हे बरोबर चाललं होतं. तिरकं नाव मात्र रकान्यावर उभं नसतं, ते उजवीकडे झुकलेलं असतं.

गणित करून बघू. रकाना १४४ पिक्सेल रुंद. नाव त्याच्या मधोमध, म्हणजे ७२ व्या पिक्सेलवर पाय रोवून उजवीकडे वर जातं. 'कागल' दहा मिलिमीटर लांब, त्याचा मध्य पाच मिलिमीटरवर. पंचेचाळीस अंशात लांबीच्या सुमारे ०.७ पट आडवं सरकणं होतं, म्हणजे साडेतीन मिलिमीटर, ४२ पिक्सेल. ७२ अधिक ४२ म्हणजे ११४, आपल्याच रकान्यात. 'गगनबावडा' बावीस मिलिमीटर. त्याचा मध्य ९३ पिक्सेल सरकतो, ७२ अधिक ९३ म्हणजे १६५, शेजारच्या रकान्यात. थोडक्यात, सतरा मिलिमीटरहून लांब नाव एक घर उजवीकडे सरकतं आणि छोटं जागेवर राहतं. सगळीच नावं एकसारखी सरकली असती तर पटकन कळलं असतं.

त्याच्या तक्त्यात क्रम असा होता: हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, करवीर, कागल, गडहिंग्लज, भुदरगड, आजरा, चंदगड. यातली पाच नावं लांब. हातकणंगले सरकून शिरोळवर बसलं, गडहिंग्लज भुदरगडवर. शाहूवाडी राधानगरीच्या घरात गेलं, राधानगरी गगनबावड्याच्या, आणि गगनबावडा करवीरच्या डोक्यावर. परिणामी तीन रकाने बिनमथळ्याचे राहिले, तीन रकान्यांवर दोन दोन नावं चढली. हे डोळ्यांना तरी दिसतं. खरे धोकादायक ते मधले दोन. त्यांच्यावर एकेकच नाव होतं, शुद्ध लिहिलेलं, आणि चुकीचं. गगनबावड्याचा सगळा पाऊस राधानगरीच्या नावावर पडला होता. राधानगरीतही भरपूर पाऊस पडतो, त्यामुळे आकडे बघून शंकाही येईना.

"पण बेरजा तर जुळतात की!" मुलगा म्हणाला. जुळणारच. ओळीची बेरीज करा नाहीतर रकान्याची, नावं बदलली म्हणून आकडे बदलत नाहीत. ओळखीच्या नावांच्या यादीशी ताडून बघायची सवयही इथे उपयोगाची नाही, सगळी नावं यादीत आहेतच. पकडायचं तर ते भूगोलाने. सह्याद्रीच्या माथ्यावरचा गगनबावडा जिल्ह्यात सगळ्यात जास्त भिजतो आणि पूर्वेचा शिरोळ फार कमी. महिन्याची सगळ्यात मोठी बेरीज गगनबावड्याखाली नसेल तर आधी मथळे तपासायचे, मग हवामान बदलल्याची बातमी द्यायची.

दुरुस्ती एका ओळीची आहे. नावाचा मध्य बघायचा नाही, त्याचा पाय बघायचा. मध्य मथळ्याच्या पट्टीच्या तळापासून जितका वर आहे, तितकं (पंचेचाळीस अंश असेल तर तेवढंच) डावीकडे यायचं. गगनबावड्याचा मध्य ९३ पिक्सेल वर आहे, म्हणून १६५ वजा ९३, बरोबर ७२. अंश वेगळा असेल तर उंचीला कोनाच्या टॅन्जंटने भागायचं. हे म्हणजे पत्त्यांचा कललेला गठ्ठा टेबलावर सरळ सरकवण्यासारखं आहे, तळचं पान जागेवर आणि वरची पानं डावीकडे. रकाना ठरवायला हे सरकवणं उत्तम, पण वाचायला नाही. अशा सरकवण्याने अक्षरं पिळली जातात. म्हणून जागा ठरवायला सरकवायचं आणि वाचायला मात्र फिरवायचं, अशी दोन कामं वेगळी ठेवावी लागतात.

आणि तो कोन पंचेचाळीसच आहे हे गृहीत धरू नये. फोटो थोडा बाजूने काढला की पान समलंब चौकोन होतं, मग डावीकडचा मथळा ४८ अंशात आणि उजवीकडचा ४१ मध्ये असंही होऊ शकतं. म्हणून तक्त्याचे चार कोपरे पकडून पान आधी चौकोनी करून घ्यावं. त्यानंतर उरलेला कोन पुन्हा शिरोरेषाच सांगते. नाव अर्ध्या अर्ध्या अंशाने फिरवत ओळींतले काळे ठिपके मोजायचे, ज्या कोनात उसळी सगळ्यात टोकदार तो खरा. एका अंशाची चूक २६४ पिक्सेलच्या नावात टोकाला साडेचार पिक्सेल फरक करते, जवळपास शिरोरेषेच्या जाडीएवढा. नव्वद अंशांत फिरवताना ठिपके फक्त जागा बदलतात, पण तिरकं फिरवताना प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांवरून अंदाजाने काढावा लागतो आणि चित्र जरा पुसट होतं. म्हणून कोन एकदा कळला की पान सरळ करणं आणि मथळा फिरवणं पुन्हा एकाच वेळी, मूळ करड्या फोटोवरून करावं, काळं-पांढरं केलेल्या चित्रावरून नको.

त्या मुलाचा एक फोटो मात्र शेवटपर्यंत हट्टाला पेटला. 'हातकणगले' असंच यायचं, अनुस्वार गायब. मूळ फोटो चार हजार पिक्सेल उंच होता, पण मित्राने मोबाईलवर पाठवताना तो सोळाशेचा झाला होता. ४८ पिक्सेलचं अक्षर १९ वर आलं, आणि अनुस्वाराचा ठिपका फिरवताना कागदाच्या करड्या रंगात विरघळला. मित्राला फोन करून मूळ फाईल मागवली.