शाकाहारी रुग्णातील बी-१२ व लोहाची कमतरता: तपासणी कोणाची, कागदपत्रे कोणती, नोंद कशी

शाकाहाराच्या जोडीला थकवा, धाप, तळपायांना मुंग्या किंवा विस्मरण असेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, अथवा मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर रुग्णाची बी-१२ आणि लोह या दोन्हींसाठी एकाच वेळी तपासणी करावी.

रुग्णाने जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, कारण ‘रक्ताची गोळी’ एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही. सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. फॉलिक अ‍ॅसिडमुळे रक्ताचे चित्र सुधारलेले दिसते, पण बी-१२अभावी नसांची हानी चालूच राहू शकते. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन नव्याने सुरू करायचे असल्यास रक्त त्याआधी घ्यावे. आहाराची नोंद मापात हवी: ‘दूध घेतात’ असे लिहिलेल्या अनेक केसपेपरमागे प्रत्यक्षात चहापुरतेच दूध असते.

उदाहरणार्थ, ३४ वर्षांच्या एका शाकाहारी स्त्रीचे हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ८६, आरडीडब्ल्यू १९, फेरिटिन ९ आणि बी-१२ १४२ आहे, असे समजू. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी पडले की मोठ्या. दोन्ही एकत्र कमी असल्याने सरासरी आकार दर्शवणारा एमसीव्ही येथे सामान्य दिसतो. फसवणूक उघड करतो तो आरडीडब्ल्यू, कारण तो पेशींच्या आकारातील तफावत मोजतो. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटे वाढते, म्हणून सीआरपी पाहावा. बी-१२ २०० ते ३०० दरम्यान असल्यास मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची चाचणी निर्णयाला मदत करते.

या स्त्रीच्या पायांना मुंग्या येत असल्याने केवळ गोळीवर न थांबता बी-१२च्या १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनांनी सुरुवात करावी. सल्ला लिहिताना औषधाच्या नावासोबत प्रत्यक्ष लोहाचे प्रमाण, दिवसाआड की रोज, किती महिने आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, हेही लिहावे. जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी रुग्णाला आधीच विचारून त्याची पसंती नोंदवावी, कारण ते प्राणिजन्य असल्याचे कळल्यावर काही जण न सांगता औषध सोडतात.

चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढले नाही, तर गोळ्या खरोखर घेतल्या का, रक्तस्राव चालू आहे का आणि शोषणात अडथळा आहे का, हे तपासून लिहावे. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळल्यास कारण आहारावर ढकलण्यापूर्वी पचनमार्गातील रक्तस्राव शोधावा. लोहसाठा भरूनही एमसीव्ही कमीच राहिला, तर थॅलेसेमिया मायनरसाठी एचपीएलसी चाचणी करावी.