पहिल्या आठवड्यातले साडेतीन किलो: कीटो आहारामागचा इतिहास

कीटो म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून भरपूर स्निग्ध खायचा आहार. तो सुरू केलेल्या माणसाचा काटा अनेकदा सात दिवसांत तीन-साडेतीन किलोंनी खाली येतो. या आहाराची कीर्ती झाली ती याच आठवड्यामुळे. पण त्या साडेतीन किलोंत चरबी किती असते, हे मोजून कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

गोष्ट लंडनची. विल्यम बँटिंग हे तिथले अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि 1862 च्या ऑगस्टमध्ये वजन 202 पौंड, म्हणजे जवळजवळ 92 किलो. ऐकू कमी येतं म्हणून ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वेंनी पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड यांची यकृत आणि साखरेवरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी बँटिंगचे पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात वजन 156 पौंडांवर आलं. बँटिंगनी 1863 मध्ये स्वतःच्या खर्चानं पुस्तिका काढली आणि त्यांच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत तर वजन कमी करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. बँटिंगच्या ताटात थोडा भाजलेला पाव आणि रोजची वाइनही होती, त्यामुळे तो आहार कमी कर्बोदकांचा होता, कीटो नव्हता.

‘कीटोजेनिक’ हा शब्द आला 1921 मध्ये, आणि तो लठ्ठपणासाठी नव्हताच. उपवास केला की अपस्मारातले झटके कमी होतात, हे डॉक्टरांच्या पाहण्यात होतं. पण मुलांना किती दिवस उपाशी ठेवणार? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की भरपूर स्निग्ध आणि अगदी नाममात्र कर्बोदकं दिली, तर खाता-पिता शरीराला उपवासासारखी अवस्था देता येईल. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी तो आहार आजही, ग्रॅमवर तोलून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिला जातो.

ही अवस्था म्हणजे काय? कर्बोदकं दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या खाली, बऱ्याचदा 20 ते 30 ग्रॅमवर आणली की इन्शुलिन उतरतं, चरबीच्या पेशींतून मेदाम्लं बाहेर पडतात आणि यकृत त्यांचे कीटोन बनवतं. मेंदू मेदाम्लं थेट जाळू शकत नाही, कीटोन मात्र जाळू शकतो. हे 1967 मध्ये बॉस्टनला जॉर्ज केहिल यांच्या गटानं दीर्घ उपवास करणाऱ्यांवर मोजून दाखवलं.

आता काट्याकडे. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या केकविक आणि पवन यांनी 1956 मध्ये लठ्ठ रुग्णांना रोज 1000 कॅलरीच दिल्या, पण कधी बहुतेक स्निग्धातून, कधी बहुतेक कर्बोदकांतून. स्निग्धावर वजन झपाट्यानं उतरलं, कर्बोदकांवर फारसं हललंच नाही. कॅलरीला अर्थ नाही, असा निष्कर्ष अनेकांनी त्यातून काढला. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक आलं आणि लघवीत बुडवायची, कीटोन असले की जांभळी होणारी पट्टी लोकांच्या हातात आली.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो 1976 चा एक छोटा प्रयोग. यांग आणि व्हॅन इटॅली यांनी सहा लठ्ठ माणसांना रुग्णालयात ठेवून दहा दिवस 800 कॅलरींचा कीटो आहार दिला आणि दहा दिवस तेवढ्याच कॅलरींचा मिश्र आहार. कीटोवर रोज सरासरी 467 ग्रॅम वजन घटलं, मिश्र आहारावर 278. मग त्यांनी या घटीची फोड केली. चरबी कीटोवर रोज 163 ग्रॅम गेली होती आणि मिश्र आहारावरही जवळजवळ तेवढीच. वजनातला फरक होता तो मुख्यतः पाण्याचा.

हे पाणी येतं कुठून? यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. साठा रिकामा होऊ लागला की ते पाणी सुटतं. शिवाय इन्शुलिन उतरल्यावर मूत्रपिंडं मीठ जास्त टाकतात आणि मिठामागोमाग आणखी पाणी जातं.

समजा, 80 किलोचा माणूस रोज 600 कॅलरी कमी खातोय. आठवड्याच्या झाल्या 4200. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरल्या, तर गेलेली चरबी अर्धा किलोच्या थोडी वर. काटा साडेतीन किलो कमी दाखवत असेल, तर उरलेलं बहुतेक पाणी. म्हणूनच लग्नात दोन पुरणपोळ्या आणि भात झाला की दोन दिवसांत दीड-दोन किलो परत दिसतात, आणि माणूस हताश होऊन सगळंच सोडतो. ती चरबी नसते. खरा अंदाज तिसऱ्या आठवड्यापासून घ्यावा: सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन, आणि आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबरेचं माप.

दुसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकं दुखतं, उठताना गरगरतं, पायात गोळे येतात. याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात, पण मूळ कारण बहुधा तेच गेलेलं मीठ. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दिवसभरात मिळून छोटा चमचाभर जास्तीचं मीठ, लिंबूपाण्यातून किंवा पातळ सारातून घेतलं की बहुतेकांना बरं वाटतं.

जांभळ्या पट्टीनं मात्र अनेकांची दिशाभूल केली आहे. कीटोन अंगावरच्या चरबीचे बनतात तसेच वाटीतल्या तुपाचेही बनतात. कॉफीत दोन मोठे चमचे तूप म्हणजे जवळपास 270 कॅलरी. पट्टी गडद होईल, कंबर तिथेच राहील.

मग लोक बारीक होतात ते कशानं? मुख्यतः भूक कमी लागते म्हणून. प्रथिनं वाढतात, कीटोननी भूक थोडी दबते आणि बिस्किटं, फरसाण, गोड चहा एका फटक्यात बंद होतात. पण वर्षभर काय होतं? स्टॅनफर्डच्या 2018 च्या चाचणीत 609 जणांपैकी कमी कर्बोदकवाल्यांचं वजन सरासरी 6 किलो घटलं, कमी स्निग्धवाल्यांचं 5.3. फरक नगण्य. दोन्ही गटांत कुणी तीस किलोंपर्यंत उतरलं, तर कुणाचं वजन वाढलंही.

आपल्या ताटात खरी अडचण गणिताची आहे. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, वाटीभर वरणात आणखी पंधरा-वीस. कीटोचा दिवस तिथेच संपला. शाकाहारी माणसाला मग पनीर, टोफू, पालेभाज्या आणि तेलतूप एवढंच उरतं. डाळी गेल्या की प्रथिनं आणि चोथा दोन्ही घटतात आणि बद्धकोष्ठ होतं. रोज 100 ते 130 ग्रॅम कर्बोदकांचा मधला मार्ग, म्हणजे दोन वेळा एकेक भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ आणि दही, पनीर, अंडी किंवा मासे, मला बहुतेकांसाठी जास्त टिकाऊ वाटतो.

टाइप 2 मधुमेहात कर्बोदकं कमी केल्यावर जेवणानंतरची साखर लवकर उतरते, हा या आहाराचा ठोस फायदा. धोकाही तिथेच. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन आधीच्याच मात्रेत चालू राहिलं तर साखर एकदम घसरते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं घेणाऱ्यानं तर कीटो स्वतःच्या मनानं सुरूच करू नये: रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायकपणे आम्लधर्मी होणं, घडू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणं, आणि ग्लुकोमीटरवरचा ठीक आकडा पाहून घरी थांबायचं नसतं. बाकीच्यांनी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तपासावं. काहींचं ते बरंच वाढतं, आणि तेव्हा तूप, लोणी, खोबरेल कमी करून शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलावर यावं, कर्बोदकं थोडी वाढवावीत आणि पुन्हा तपासावं.