लाल भुकटी कुठून पडते?

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात माडीवर जाणाऱ्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर रोज सकाळी चिमूटभर लाल भुकटी पडलेली असायची. आई ती झाडून टाकी आणि वाळवीच्या नावाने बोटं मोडी. मीही बरेच दिवस वाळवीच शोधत होतो. मग एकदा खाली उतरताना भिंतीकडचा दांडा धरला, तो किंचित हलला आणि माझ्या देखत त्याच्या ब्रॅकेटखालून भुकटीचा बारीक ओघळ आला. भिंतीतला चिरा, म्हणजे तिचा लाल दगडच, आतून दळला जात होता.

दांडा तीन वर्षांपूर्वी बसवलेला. दोन इंची, म्हणजे ५० मिमीचा स्टीलचा पाइप आणि जवळजवळ साडेचार मीटरच्या लांबीला फक्त तीन ब्रॅकेट. प्रत्येकाच्या मागे रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी, पण ६५ मिमी रुंद गोल चकती. चकतीत तीन स्क्रू, ते भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांत. दिसायला झकास. आईला मात्र तो कधीच आवडला नाही. "हातात येतच नाही रे तो," ती म्हणायची. मला वाटायचं, हे म्हातारपणाचं कुरकुरणं.

तिचं म्हणणं दोऱ्याने मोजता येतं. अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं टोक जेमतेम टेकेल असं कडं करायचं आणि त्या कड्यात आतून दोरा फिरवायचा. आईचा दोरा भरला १३४ मिमी. त्याला ३.१४ ने भागलं की ४३ मिमी येतात. म्हणजे ४३ मिमी जाड दांड्याभोवती तिची बोटं जेमतेम टेकणार. ५० मिमीच्या पाइपाचा घेर १५७ मिमी, त्याच्याभोवती मूठ मिटणारच नाही. तोल गेला की हा फरक जीवावर बेततो. मूठ मिटलेली असेल तर बोटं आणि अंगठा एकमेकांना अडवून धरतात, दांडा निसटायला वाट राहत नाही. मूठ उघडी राहिली तर सगळी भिस्त तळहाताच्या घर्षणावर, आणि पावसाळ्यात दमट हात गुळगुळीत स्टीलवरून सरकतो.

म्हणून दांडा टेकण्याच्या मापाहून थोडा बारीकच हवा. आईसाठी ३८ मिमी घेतला. त्याचा घेर ११९ मिमी, म्हणजे अंगठा बोटांवर दीडेक सेंटीमीटर चढतो. परदेशी नियमावल्या गोल दांड्याला साधारण ३२ ते ५० मिमीची मोकळीक देतात. माझ्या मते त्यातलं वरचं टोक मोठ्या हातांच्या माणसांसाठी आहे, आपल्या घरांतल्या आज्यांसाठी नाही. पण ३० मिमीच्या खाली गेलं तर बोटांची टोकं तळहातातच रुततात आणि पकडीचा जोर कमी होतो.

दुकानात एक गफलत हमखास होते. रेलिंगचा स्टेनलेस पाइप बाहेरच्या व्यासाने विकला जातो, पण पाण्याचा जीआय पाइप आतल्या पोकळीच्या नावाने. त्यामुळे "दीड इंची" जीआय मागितला की हातात ४८ मिमीचा पाइप येतो. सव्वा इंची मागितला तरी तो बाहेरून ४२ मिमी भरतो. नावावर जाऊ नये, पट्टी लावून बघावं.

पाइप बारीक केला की तो वाकणार जास्त. इथे ब्रॅकेटमधल्या अंतराचा प्रश्न येतो. दोन आधारांच्या मधोमध भार दिला तर दांड्याचा झोळ अंतराच्या घनाने वाढतो. अंतर दुप्पट, तर झोळ आठपट. अमेरिकेतल्या नियमांत दांड्याच्या कुठल्याही एका जागी २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोचा भार धरतात. मीही तोच धरला. आमच्या दांड्याची एकूण लांबी ४.४ मीटर. दोन्ही टोकांपासून १५० मिमी आत पहिला आणि शेवटचा ब्रॅकेट, म्हणजे मध्ये ४१०० मिमी उरतात. तीन ब्रॅकेट असताना प्रत्येक गाळा २०५० मिमीचा होता. सहा केले की तो ८२० मिमी होतो. दीड मिमी जाडीच्या ३८ मिमी पाइपाचा झोळ जुन्या अंतरावर २९ मिमीच्या आसपास गेला असता, नव्या अंतरावर तो दोन मिमीच्याही आत राहतो. सागवानाचा तेवढ्याच जाडीचा दांडा याच्या साधारण चार-पाच पट झुकेल. हाताला तो अधिक उबदार लागतो हे खरं, पण मग ब्रॅकेट आणखी जवळ घ्यावे लागतात. एरवी ९०० मिमी हे अंतर बहुतेक घरांना पुरतं.

इथे एक समज खोडून काढायला हवा, कारण मीही त्यात फसलो होतो. ब्रॅकेट वाढवले की प्रत्येकावरचा भार वाटला जातो, असं वाटतं. तसं फारसं होत नाही. पडणारा माणूस दांडा एकाच जागी धरतो, आणि ती जागा नेमकी ब्रॅकेटच्या डोक्यावर आली तर जवळजवळ सगळा भार त्या एकट्यावर येतो. जास्त ब्रॅकेटांनी झोळ कमी झाला, भिंतीची जबाबदारी तशीच राहिली.

आता त्या भिंतीकडे. दांडा आणि भिंत यांत बोटांसाठी ५० मिमी फट लागते, नाहीतर सांधे खरवडतात. जुना पाइप ५० मिमीचा, त्याचा मध्य भिंतीपासून ७५ मिमीवर. तिथे ९० किलो खाली ओढलं की चकती खालच्या कडेवर टेकते आणि वरची बाजू भिंतीतून उपटू पाहते, पहारीने दगड उचकटावा तशी. आमच्या चकतीत एक स्क्रू वर आणि दोन खाली होते. वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंत साडेपाच सेंटीमीटरच्या वर थोडंसं. हिशेब केला तर त्या एकट्या स्क्रूला सुमारे १२० किलोची ओढ बसते. माणूस ९० चा, ओढ १२० ची. तीच चकती फिरवून दोन स्क्रू वर घेतले असते तर प्रत्येकी ७५ च्या आसपास आली असती. ज्यांच्या घरी असा दांडा आधीच आहे, त्यांनी एवढं जरूर तपासावं, त्याला पैसे पडत नाहीत.

काँक्रीटने हे सहन केलं असतं. आमची भिंत चिऱ्याची. फ्रान्सिस बुकानन या सर्जनने मलबारात पाहिलेल्या याच दगडाला १८०७ मध्ये लॅटेराइट नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. खाणीतून काढताना तो लोखंडी हत्याराने विटेसारखा कापता येतो, म्हणून. नंतर हवेवर तो कडक होतो. पण त्याच्या अंगात भोकं, नळ्या आणि मऊ मातीचे कप्पे राहतातच. गिट्टी टिकते ती फुगून भिंतीला दाबते म्हणून. चिऱ्यात ती फुगली की समोरचा दगडच चुरतो, छिद्र मोठं होतं, पकड सुटते. फुगणाऱ्या लोखंडी फास्टनरचं तर विचारूच नका, तो दाब आणखी जास्त देतो. जुने लोक लाकडी खुंटी ठोकायचे. ती आपल्याकडच्या पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मग खरोखरच वाळवी येते.

उपाय दोन बाजूंनी केला. आधी ओढ कमी केली. गोल चकतीऐवजी १५० मिमी उंच, ५ मिमी जाड पट्टी करून घेतली, बोल्ट वर-खाली, टोकांपासून २० मिमी आत. वरच्या बोल्टपासून खालच्या कडेपर्यंत आता १३० मिमी. नव्या दांड्याचा मध्य ६९ मिमीवर. तोच ९० किलोचा भार, ओढ ४८ किलो. ब्रॅकेट करणारा म्हणाला, "एवढी लांब पट्टी बरी दिसणार नाही." दिसली नाहीच.

मग पकड बदलली. छिद्र पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवला, कारण धक्क्याने चिरा आतून खिळखिळा होतो. ड्रिलमधून पडणारी भुकटी भिंतीची पत्रिका सांगते. आधी पांढरट येते, ती चुन्याच्या गिलाव्याची. मग लाल. पण जुन्या घरात चिऱ्यांमधला सांधाही लाल मातीचाच असतो, म्हणून रंगावर थांबता येत नाही. चिऱ्यात ड्रिल कुरकुरत, अडखळत जातं. मातीत ते लोण्यात सुरी जावी तसं जातं. सहापैकी चार जागी दगड लागला, दोन जागी सांधा.

दगडाच्या चार जागी केमिकल अँकर केला. यात काही फुगत नाही. डिंकासारखा रस छिद्राच्या भोकाभोकांत शिरून घट्ट होतो आणि बोल्टला दगडाशी जखडतो. पोकळीत रस वाहून जाऊ नये म्हणून आधी जाळीची नळी घालतात. खोली दगडात ८५ मिमी धरली. गिलाव्याचे दोन सेंटीमीटर त्यात मोजायचे नाहीत, कारण गिलावा काही धरत नाही. रस भरण्याआधी छिद्र ब्रशने घासून, फुंकून, पुन्हा घासून घ्यावं लागतं. चिऱ्याची भुकटी पिठासारखी असते, ती राहिली तर रस भुकटीलाच चिकटतो. रस भरण्याच्या बंदुकीतून आलेला पहिला रस दोन रंगांचा दिसतो, तो एकजीव होईपर्यंत टाकून द्यायचा. घट्ट होण्याचा वेळ पाकिटावर असतो, दगड ओलसर असेल तर त्याच्या दुप्पट थांबायचं.

सांध्याच्या दोन जागी रस वापरण्यात अर्थ नव्हता. तिथे गवंड्याने माती खरवडून वीतभर उंच, १२० मिमी खोल खण काढला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. तो पाण्याने भिजवला, टोकं वाकवलेले बोल्ट प्लायवुडच्या तुकड्यात पट्टीच्या मापाने धरून ठेवले आणि बारीक खडीचं काँक्रीट ठासलं. सात दिवस पाणी मारलं. खरं सांगायचं तर चिऱ्याच्या भिंतीला मला हीच रीत जास्त पटते. वेळ लागतो आणि गिलावा बिघडतो, एवढंच.

दांडा चढवण्याआधी प्रत्येक ब्रॅकेटची परीक्षा घेतली. वीस लिटरचे पाण्याचे कॅन दोरीने एकेक करत टांगले, पाच कॅन म्हणजे शंभर किलो. पाय बाजूला ठेवून. दहा मिनिटांनी पट्टीच्या वरच्या कडेमागे कागद सरकवून पाहिला. पाच जागी शिरला नाही. सहाव्या जागी, चिऱ्यातल्याच एका, तो अर्धा सेंटीमीटर आत गेला. बोल्ट काढला तर आतला रस भुरकट आणि मऊ, नीट मिसळलाच नव्हता. तो बहुधा पहिला, टाकून द्यायचा रसच आम्ही घाईत तिथे भरला होता. ती जागाही मग खणून काँक्रीटने भरली.

दांड्याची उंची पायरीच्या कडेपासून सरळ वर ९०० मिमी ठेवली, आणि दोन्ही टोकं वळवून भिंतीला टेकवली, म्हणजे आईच्या लुगड्याचा पदर अडकायला नको. प्रत्येक पट्टीभोवती शिसपेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली आहे. चतुर्थीला घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्याला त्या रेघा पुसू दिल्या नाहीत. एक पावसाळा गेला, रेघ आणि पट्टी अजून एकमेकींना चिकटून आहेत आणि चौथ्या पायरीवर आता फक्त साधी धूळ असते.