लाल स्कूटर किती वेळात सापडते? डोळ्यांच्या शोधाचा चढ मोजताना

पुणे स्टेशनजवळच्या दुचाकी पार्किंगमध्ये शंभरेक काळ्या गाड्या उभ्या आहेत आणि त्यांत एकच लाल आहे. ती शोधावी लागत नाही, समोर येऊन उभी राहते. आता त्याच पार्किंगमध्ये निम्म्या लाल मोटारसायकली आणि निम्म्या काळ्या स्कूटर आहेत अशी कल्पना करा. तुमची गाडी लाल स्कूटर आहे. लाल रंग सगळीकडे आहे, स्कूटरचा आकारही सगळीकडे आहे, पण दोन्ही एकत्र फक्त एका जागी. इथे रांगेमागून रांग बघत जावं लागतं.

पहिल्या प्रकाराला मानसशास्त्रात पॉप-आउट म्हणतात. दुसरा कष्टाचा शोध. फरक अनुभवाने कळतो, पण अनुभव हा पुरावा नव्हे. तो मोजायचा कसा?

पहिला विचार येतो तो स्टॉपवॉचचा: गाडी सापडायला किती वेळ लागला ते बघा. पण या एका आकड्यात फार गोष्टी मिसळलेल्या असतात. चित्र डोळ्यात शिरण्याचा वेळ, ‘हो, आहे’ असं ठरवण्याचा वेळ, बोट हलण्याचा वेळ, कीबोर्डची स्वतःची दिरंगाई. आजोबांना 900 मिलिसेकंद लागले आणि नातवाला 600, तर आजोबा ‘शोधत’ होते आणि नातवाला ‘दिसलं’ असं म्हणता येत नाही. आजोबांचं बोट सावकाश असेल.

म्हणून एक वेळ न मोजता वेळ कसा वाढतो ते मोजतात. पडद्यावर 4 वस्तू असताना किती वेळ लागला, 8 असताना किती, 16 असताना किती? आडव्या अक्षावर वस्तूंची संख्या आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन बिंदू मांडायचे आणि त्यांतून सरळ रेघ काढायची.

RT = a + b × N

RT म्हणजे उत्तराला लागलेला वेळ आणि N म्हणजे वस्तूंची संख्या. यातला b म्हणजे रेघेचा चढ, एक वस्तू वाढली की किती मिलिसेकंद वाढले ते. बोट, कीबोर्ड, वय यांचा स्थिर उशीर सगळा a मध्ये जाऊन बसतो. कीबोर्ड दर वेळी 30 मिलिसेकंद खात असेल तर तो 4 वस्तूंनाही खातो आणि 16 वस्तूंनाही. रेघ वर सरकते, तिचा चढ बदलत नाही. म्हणून हा प्रयोग घरच्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी जमतो.

मांडणी अशी. राखाडी पडद्यावर 5 × 5 चौकटींची अदृश्य जाळी घ्या. लक्ष्य लाल उभी रेघ. बाकीच्या रेघांतल्या साधारण निम्म्या लाल आडव्या आणि निम्म्या निळ्या उभ्या. (लाल-हिरवी जोडी टाळावी, काही पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही, आणि मग तुम्ही शोध नाही, रंगांधळेपणा मोजता.) निम्म्या वेळा लक्ष्य ठेवायचं, निम्म्या वेळा नाही. असेल तर एक बटण, नसेल तर दुसरं. 4, 8 आणि 16 वस्तूंचे पडदे पत्त्यांसारखे पिसायचे. आधी सगळे 4 वाले आणि शेवटी सगळे 16 वाले असं केलंत तर शेवटी आलेला कंटाळा चढात मिसळतो. प्रत्येक प्रकाराचे 30 पडदे धरले तर 3 × 2 × 30, म्हणजे 180 पडदे होतात. मध्ये दोनदा विश्रांती दिली तरी साधारण पंधरा मिनिटांत काम होतं. सरावाचे पहिले दहा-पंधरा पडदे मोजायचे नाहीत, आणि सरासरी फक्त बरोबर उत्तरांची काढायची.

समजा अशा सरासऱ्या आल्या (आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत). लक्ष्य असताना 4, 8 आणि 16 वस्तूंना अनुक्रमे 598, 706 आणि 898 मिलिसेकंद. लक्ष्य नसताना 690, 902 आणि 1310. स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ओळीपासून A स्तंभात वस्तूंची संख्या, B मध्ये ‘आहे’चे वेळ आणि C मध्ये ‘नाही’चे वेळ टाकून:

```
=SLOPE(B2:B4,A2:A4)
=SLOPE(C2:C4,A2:A4)
```

वेळ आधी, संख्या नंतर. उलट लिहिलं तर उत्तर येतं, पण निरर्थक. इथे ‘आहे’चा चढ येतो साधारण 25 मिलिसेकंद, ‘नाही’चा साधारण 52. हेच लाल उभी रेघ फक्त निळ्या उभ्या रेघांमध्ये ठेवून केलं आणि 468, 471 व 476 असे वेळ आले, तर चढ 0.7. वस्तू चौपट झाल्या आणि वेळ वाढला जेमतेम 8 मिलिसेकंद. ही सपाट रेघ म्हणजे पॉप-आउट.

कष्टाच्या शोधात ‘नाही’चा चढ ‘आहे’च्या जवळपास दुप्पट आला, त्याकडे जरा थांबून बघू. नजरेमागचं लक्ष एकेक वस्तू तपासत जातं आणि एका वस्तूला 50 मिलिसेकंद लागतात असं धरा. लक्ष्य नसेल तर सोळाच्या सोळा तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणता येत नाही. लक्ष्य असेल तर ते कधी पहिल्याच फटक्यात सापडेल, कधी अगदी शेवटी. सरासरीने (16 + 1) ÷ 2, म्हणजे साडेआठ वस्तू तपासाव्या लागतात, आणि सापडलं की काम थांबतं. त्यामुळे ‘नाही’चा चढ 50 आणि ‘आहे’चा 25 अपेक्षित. एकास दोन हे प्रमाण या हिशेबातून पडतं.

ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी 1980 मध्ये हाच पॅटर्न दाखवला. तपकिरी T आणि हिरव्या X यांच्या गर्दीत हिरवा T शोधायचा, पडद्यावर 1, 5, 15 किंवा 30 अक्षरं. लक्ष्य असताना एका अक्षरामागे सुमारे 29 मिलिसेकंद, नसताना सुमारे 67. एकाच गुणावर वेगळं पडणारं लक्ष्य, म्हणजे निळं अक्षर किंवा S, शोधताना ‘आहे’चा चढ जेमतेम 3. तिथे ‘नाही’चा चढ मात्र इतका सपाट नव्हता. माणसं ‘नाही’ म्हणण्याआधी पुन्हा एकदा नजर फिरवतात, हे त्याचं सरळ कारण.

त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण म्हणजे फीचर इंटिग्रेशन थिअरी. मेंदू दृश्याचे गुण आधी सुटे सुटे नोंदवतो: रंगांचे नकाशे वेगळे, रेघांच्या दिशांचे वेगळे. ही नोंद सगळ्या दृश्यभर एकाच वेळी होते आणि तिला लक्ष द्यावं लागत नाही. काळ्या गाड्यांत लाल गाडी आहे का, या प्रश्नाला ‘लाल’च्या नकाशात कुठेतरी काही पेटलंय का एवढं बघितलं की पुरे. गाड्या दहा की शंभर याने फरक पडत नाही. पण ‘लाल आणि स्कूटर’ असा नकाशाच नाही. एका जागचा लाल आणि त्याच जागचा आकार यांची गाठ मारण्याचं काम लक्षाचं, आणि लक्ष एका वेळी एकाच जागी जातं. म्हणून वस्तूगणिक वेळ वाढतो.

ही गाठ खरोखर वेगळी मारावी लागत असेल, तर लक्ष दुसरीकडे गुंतवल्यावर ती चुकायला हवी. तसं होतं. ट्रीझमन आणि हिलरी श्मिट यांनी 1982 मध्ये लोकांना कडेच्या अंकांकडे लक्ष द्यायला लावलं आणि मध्ये रंगीत अक्षरं क्षणभर दाखवली. लोकांनी पडद्यावर नसलेल्या जोड्या सांगितल्या, रंग एका अक्षराचा आणि आकार दुसऱ्याचा. 1995 मध्ये आर. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्विका खंडांना इजा झालेली होती. दहा-दहा सेकंद अक्षरांकडे बघूनही तो रंगांची अदलाबदल करायचा.

आता प्रयोग बिघडतो तो कुठे. सगळ्यात फसवी गोष्ट चुकांची. 4 वस्तूंत दोन टक्के वेळा लक्ष्य सुटलं आणि 16 वस्तूंत पंधरा टक्के, तर माणूस मोठ्या पडद्यावर शोध अर्धवट टाकून ‘नाही’ दाबतोय. सुटलेली लक्ष्यं बहुधा उशिरा सापडली असती अशीच; ती सरासरीतून गळतात आणि चढ आहे त्यापेक्षा सपाट दिसतो. म्हणून चुकांचं प्रमाण न देता चढ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी गोष्ट गर्दीची. 16 वस्तू नेहमीच्या जागेत कोंबल्या की शेजारच्या रेघा एकमेकींना पुसट करतात, विशेषतः नजरेच्या कडेला. तेव्हा चढ वाढतो तो शोधामुळे नाही, नीट न दिसल्यामुळे. 25 चौकटींपैकी 16 भरणं ही वरची मर्यादाच समजा. चौकटी ऐसपैस ठेवा.

इथवर सगळं छान जुळलं, पण सरळ रेघेवरून मेंदूच्या आतलं काम ठामपणे ओळखता येत नाही. गच्चीवरच्या एका टाकीला चार नळ जोडले आणि चारही उघडले तर चारही बादल्या एकदमच भरू लागतात, पण प्रत्येकीची धार बारीक होते. सोळा नळ उघडले की आणखी बारीक. बादल्या एकामागून एक भरल्या नाहीत, तरी वेळ वाढलाच. तपासणीची ताकद मर्यादित असेल तर सगळ्या वस्तू एकत्र तपासूनही असाच चढ मिळू शकतो, अगदी एकास दोनसुद्धा. हे जेम्स टाउनसेंड यांनी गणिताने दाखवलं आहे. म्हणून आजचे संशोधक ‘एकेक’ आणि ‘एकदम’ असे दोन कप्पे न करता कार्यक्षम आणि अकार्यक्षम शोध असं म्हणतात. जेरेमी वुल्फ यांनी 1998 मध्ये दहा लाख चाचण्यांचे आकडे एकत्र पाहिले, तेव्हा चढांचे दोन वेगळे गठ्ठे पडले नाहीत. सपाटपासून तीव्रपर्यंत सलग रांग होती.

पार्किंगमध्येही खरं तर कुणी काळ्या गाड्या तपासत बसत नाही. हॉवर्ड एगेथ आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये हेच तपासलं: लोक लक्ष्याच्या रंगाच्या वस्तूंपुरताच शोध मर्यादित ठेवू शकतात. तुमच्या रेघांवर हे सहज करून बघता येईल. लाल रेघा कायम 4 ठेवा आणि फक्त निळ्या 4 वरून 12 करा. चढ कोसळला तर बघणारा निळ्यांना वगळतोय, आणि आधीच्या 25 मिलिसेकंदांचा अर्थही बदलतो: तपासली जाणारी वस्तू दर दोनांत एकच होती, म्हणजे फक्त लाल रेघा मोजल्या तर ‘आहे’चा चढ 50.

तेच सामान वापरून आणखी एक जोडी लावता येते: पडदाभर ‘व’ आणि त्यात एक ‘ब’, मग उलट. ‘ब’मध्ये पोटातली तिरकी रेघ जास्तीची आहे. ट्रीझमन आणि जॅनेट साउथर यांनी 1985 मध्ये साध्या वर्तुळांत रेघ असलेलं वर्तुळ आणि त्याच्या उलट, असं शोधायला लावलं. जास्तीची रेघ असलेलं पटकन सापडलं. ती नसलेलं शोधताना चढ वाढला. दोन्ही वेळा आकार तेच, त्यांच्यातलं साम्यही तेच, बदलली फक्त भूमिका. ‘ब’ आणि ‘व’च्या दोन चढांत असाच फरक आला, तर अक्षरं एकमेकांसारखी दिसतात ही सबब चालत नाही.