राजकारणाचे माध्यमीकरण

पक्ष, नेते आणि निवडणुका यांचे वागणे हळूहळू माध्यमांच्या कामाच्या रीतीला जुळवून घेते, त्या दीर्घ प्रक्रियेला राजकारणाचे माध्यमीकरण म्हणतात. नेत्याचे म्हणणे वृत्तपत्रातून किंवा वाहिनीवरून लोकांपर्यंत पोहोचते, एवढ्याने माध्यमीकरण होत नाही. ते केवळ माध्यमांद्वारे झालेले संप्रेषण. काय बोलायचे, कधी बोलायचे, कोणाला पुढे करायचे हे ठरवतानाच ‘हे कसे दिसेल’ हा प्रश्न पक्षाच्या बैठकीत येऊन बसतो, तेव्हा माध्यमीकरण सुरू होते.

माध्यमांच्या या रीतीला माध्यम-तर्क म्हणतात. डेव्हिड अल्थाइड आणि रॉबर्ट स्नो यांनी 1979 मध्ये ही कल्पना मांडली. संघर्ष, व्यक्ती, दृश्य आणि थोडक्यात सांगता येणारी गोष्ट माध्यमांना हवी असते. राजकीय तर्काचा भर मात्र तडजोड, धोरण, संघटना आणि मतांची बेरीज यांवर असतो. स्वीडिश अभ्यासक येस्पर स्ट्रोमबेक यांनी 2008 मध्ये माध्यमीकरणाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी माध्यमे माहितीचा मुख्य स्रोत होतात, मग ती राजकीय संस्थांपासून बरीचशी स्वतंत्र होतात. पुढे बातमीचा आशय माध्यम-तर्काने ठरू लागतो आणि शेवटी खुद्द राजकारणीच त्या तर्काने वागू लागतात. प्रत्यक्षात या पायऱ्या एकामागून एक येतातच असे नाही.

तिसरी आणि चौथी पायरी यांतला फरक साताऱ्याच्या एका सभेवरून चांगला कळतो. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसकडून निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा देऊन दिल्लीत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्यामुळे विधानसभेबरोबरच 21 ऑक्टोबरला साताऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीने श्रीनिवास पाटील यांना उभे केले. 17 ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची साताऱ्यात सभा झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरद पवार बोलत असताना पाऊस कोसळू लागला. 78 वर्षांचे पवार भिजत बोलत राहिले.

भाषणात राजकीय तर्काचा ऐवज होता: मागच्या वेळी उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ती दुरुस्त करा, असे त्यांनी मतदारांना सांगितले. ही कबुली खरे तर दुर्मीळ आणि महत्त्वाची. पण राज्यभर फिरले ते भिजलेल्या नेत्याचे छायाचित्र. पाऊस एका नजरेत समजतो, त्याला मागचापुढचा संदर्भ लागत नाही. वय, जिद्द आणि एकटेपणा ही कथा त्याच चौकटीत मावते. कबुली समजायला मात्र मागच्या काही महिन्यांचा इतिहास ठाऊक हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाहीर प्रचार संपला, तरी लोकांच्या फोनवरचे चित्र थांबले नाही.

इथपर्यंत ही तिसरी पायरी आहे. पाऊस कोणी ठरवून आणला नव्हता. चौथी पायरी नंतर आली. ‘पावसातली सभा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे दुसरा कोणी नेता भिजत बोलला की साताऱ्याशी तुलना होऊ लागली, आणि ती तुलना होणार हे मंचावरच्या माणसालाही माहीत असते. छत्री घ्यायची की नाही, हा साधा निर्णय आता प्रतिमेचा निर्णय झाला. याला स्व-माध्यमीकरण म्हणतात: माध्यमांनी भाग पाडण्याआधीच पक्ष स्वतःला त्यांच्या साच्यात ओतून घेतो. ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: कॅमेरा नसता तर हा निर्णय असाच झाला असता का? त्याचे खात्रीशीर उत्तर मात्र आतल्या बैठकीची माहिती असल्याशिवाय देता येत नाही. केवळ बातम्या मोजून चौथी पायरी सिद्ध करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.

श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजार मतांनी जिंकले आणि श्रेय पावसाला देण्यात आले. हा निष्कर्षही माध्यम-तर्कानेच घडवलेला आहे. साताऱ्यात राष्ट्रवादीचे सहकारी संस्थांतून विणलेले जुने जाळे होते, पक्षांतरावरची नाराजीही होती. चित्राचा वाटा यांपासून वेगळा काढता येत नाही.

शेजारच्या सांगलीत 2024 ची लोकसभा निवडणूक या संकल्पनेची मर्यादा दाखवते. महाविकास आघाडीने शिवसेनेच्या ठाकरे गटाकडून दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांना उमेदवारी दिली. कुस्तीच्या या पट्ट्यात चेहरा ओळखीचा, कथाही तयार. तरी ते तिसरे आले. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून सुमारे एक लाख मतांनी जिंकले, कारण काँग्रेसचे बरेच स्थानिक कार्यकर्ते त्यांच्यामागे गेले होते. उमेदवारी देताना पक्षाने माध्यमांचा किती विचार केला हे बाहेरून ठरवता येत नाही. पण ओळखीचा चेहरा गावोगावच्या संघटनेची जागा घेत नाही, एवढे या निकालातून दिसते. म्हणून माध्यमीकरण हे ‘झाले’ किंवा ‘नाही’ असे मोजत नाहीत. उमेदवारी, प्रचार, मतदानाच्या दिवशीची बूथवरची यंत्रणा अशा प्रत्येक कामात ते किती झाले, हे वेगवेगळे पाहावे लागते. प्रचारात ते सर्वांत खोल शिरते, बूथवर सर्वांत कमी.