टेम्पोच्या दारावरचे आकडे

मागच्या मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमधलं एक बिऱ्हाड हललं. सामान न्यायला टेम्पो आला. कपाट चढेपर्यंत मी गेटपाशी उभा होतो आणि टेम्पोच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं वाचत होतो: यू.एल.डब्ल्यू. १७९०, आर.एल.डब्ल्यू. ३४९०. पहिला आकडा रिकाम्या गाडीचं वजन, दुसरा माल भरल्यावर चालणारं कमाल वजन, दोन्ही किलोत. त्या दुसऱ्या आकड्यापाशी मी थबकलो. ३४९०. सरळ ३५०० का नाही?

बऱ्याच देशांच्या वाहननियमांत ३५०० किलोवर एक रेघ मारलेली आहे. अशा रेघा आल्या जिनिव्हाहून. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा एक कार्यगट तिथे वाहनांचे तांत्रिक नियम ठरवतो आणि त्यानेच वाहनांना अक्षरं वाटून दिली आहेत. दुचाकी-तिचाकी ‘एल’, माणसं नेणारी किमान चार चाकांची गाडी ‘एम’, माल नेणारी ‘एन’ आणि मागे जोडायचा ट्रेलर ‘ओ’. भारत या गटाच्या १९५८च्या मूळ करारात नाही, १९९८च्या दुसऱ्या करारात तो २००६ साली सामील झाला. तरी अक्षरं आपण तीच घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती आहेत, आणि पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असलेल्या ‘एआरएआय’ या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने छापलेल्या एआयएस-०५३ या मानकातही.

एमचे तीन भाग आहेत. चालक सोडून आठपर्यंत आसनं असली की एम-१. आठाच्या वर आसनं आणि कमाल भरलेलं वजन ५ टनांपर्यंत असेल तर एम-२, ५ टनांपुढे एम-३. एनमध्ये माणसं मोजतच नाहीत, फक्त वजन. ३.५ टनांपर्यंत एन-१, त्यापुढे १२ टनांपर्यंत एन-२ आणि १२ टनांवर एन-३. आमच्या गेटातला टेम्पो दहा किलोंनी एन-१मध्ये होता.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. वजन म्हणजे गाडी आत्ता काट्यावर जे भरेल ते नव्हे. कंपनीने जाहीर केलेलं आणि मंजूर झालेलं, पूर्ण भरलेल्या गाडीचं ते कमाल वजन. तसंच मोजायची ती आसनं, आत बसलेली माणसं नाहीत. सांगली-कोल्हापूरकडच्या वडाप जीपमध्ये चौदा जण कोंबले तरी ती जीप एम-१च राहते, आणि रात्रीच्या शेवटच्या एसटीत कंडक्टर धरून तिघंच असले तरी ती बस एम-३च. वर्ग ठरतो तो गाडी ज्या कामासाठी घडवली त्यावरून, त्या दिवशी तिच्याकडून काय काम करून घेतलं त्यावरून नाही.

म्हणूनच एकाच सांगाड्याची गाडी वेगवेगळ्या वर्गांत जाऊ शकते. कमाल ३.८ टनांची एक उंच व्हॅन घ्या. लांबच्या प्रवासासाठी ऐसपैस आठ आसनं बसवली, चालक नववा, तर ती एम-१. तिथेच बारा आसनं लावली की एम-२. आसनं काढून मागे पत्रा ठोकला आणि पार्सलं भरली तर ती एन-२, कारण ३.५ टनांची रेघ तिने ओलांडली आहे. तीच व्हॅन एम-१ म्हणून चालते, कारण एम-१च्या व्याख्येत वजनाची वरची मर्यादाच नाही. ही फट लक्षात घेऊनच काही नियम वजनाची अट वेगळी लिहितात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅपची धडक चाचणी ‘३.५ टनांपर्यंतच्या एम-१’ गाड्यांसाठी आहे, नुसत्या एम-१साठी नाही.

नाव बदललं की गाडीचं काय बदलतं? रस्त्यावर सगळ्यांत आधी जाणवतो तो वेग. एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेत द्रुतगती मार्गावरची कमाल मर्यादा एम-१ला ताशी १२० किलोमीटर, एम-२ आणि एम-३ला १०० आणि सगळ्या एनना ८० अशी आहे. कुठल्याही मार्गावर ती याहून कमी ठेवायची मुभा राज्यांना आहे. पण खरा फरक रस्त्यावर येण्याआधीच पडतो, ब्रेकच्या चाचणीत. ५ आणि १२ टनांच्या रेघा कोणी उगाच मारलेल्या नाहीत, हेही तिथेच कळतं.

जिनिव्हाच्या ब्रेकविषयक नियम क्रमांक १३ मध्ये ‘प्रकार दोन’ नावाची चाचणी आहे. तिला मी मनातल्या मनात घाटाची चाचणी म्हणतो. ती फक्त एम-३ आणि एन-३ना द्यावी लागते, एम-२ आणि एन-२ना नाही. गाडी पूर्ण भरायची आणि ६ टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटर वेगाने ६ किलोमीटर उतरवायची, किंवा ब्रेकवर तेवढाच भार येईल अशी सोय करायची. गाडी गिअरमध्येच असते, त्यामुळे इंजिनही थोडं अडवतं. उतार संपला की ब्रेक तापलेले असतानाच ते करकचून दाबून बघायचे.

१६ टनांच्या ट्रकचा हिशेब मांडू. ६ किलोमीटरवर ६ टक्के म्हणजे ट्रक ३६० मीटर खाली येतो. १६,००० किलो गुणिले ९.८ गुणिले ३६०, म्हणजे साधारण ५६० लाख ज्यूल ऊर्जा. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. उतरायला १२ मिनिटं लागतात. भागाकार केला की येतात जवळपास ७८ किलोवॅट. घरातला गिझर दोन किलोवॅटचा धरला, तर चाळीसेक गिझर बारा मिनिटं सलग चालू ठेवल्याइतकी ही उष्णता. टायरचं घर्षण, हवा आणि इंजिन त्यातला काही भाग घेतात, उरलेला सगळा ब्रेकच्या ड्रमांत जातो.

दीड टनाच्या मोटारीचा हाच आकडा सव्वासात किलोवॅटच्या आसपास येतो, साडेतीन-चार गिझर. ट्रक मोटारीच्या दसपट जड असला तरी ब्रेकच्या ड्रमाचं क्षेत्रफळ आणि त्याला लागणारी हवा काही दसपट होत नाही, कारण सगळं चाकाच्या आतच बसवायचं असतं. ड्रम तापून फुगतो, त्यावर दाबणाऱ्या लायनरची पकड घटते, पायाखालचं पेडल तसंच घट्ट लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. बोरघाटातून खाली येताना जळक्या लायनरचा तो उग्र वास कधीतरी तुमच्याही नाकात शिरला असेल. चालक लोक त्याला ‘ब्रेक गरम झाला’ म्हणतात. ब्रेकची पकड कमी पडू लागली की वास येतो, वासापाठोपाठ कधी धूर येतो आणि मग उपाय एकच, खालच्या गिअरमध्ये कडेला घेऊन थांबणं.

थंड ब्रेकवर या गाड्यांकडून दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होण्याची अपेक्षा असते. घाटाच्या चाचणीनंतर एम-३ बसला किमान ३.७५ आणि एन-३ ट्रकला ३.३ जमलं पाहिजे. म्हणजे ब्रेक मंदावणार, हे नियमाने धरूनच ठेवलं आहे. किती मंदावला तर चालेल, तेवढंच तो सांगतो. बसला अट कडक आहे, कारण आत माणसं आहेत. ‘एम’ आणि ‘एन’ या दोन अक्षरांतला फरक मला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आता उलट कोडं. पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा, आपल्याकडे जिला डबल केबिन म्हणतात ती गाडी माणसांची की मालाची? युरोपात यासाठी चक्क एक वजाबाकी आहे. गाडीच्या कमाल वजनातून चालकासह तयार गाडीचं वजन वजा करा, मग चालक सोडून प्रत्येक आसनामागे ६८ किलो वजा करा. उरलेलं वजन त्या माणसांच्या एकूण वजनाइतकं किंवा जास्त असेल, तर गाडी मालवाहू मानता येते. आसनं दोन किंवा त्याहून कमी असतील तर सूत्र थोडं वेगळं आहे, ते सोडून देऊ.

समजा डबल केबिनचं कमाल वजन २९०० आणि तयार गाडी १९०० किलोची. चौघांचे २७२ किलो. २९०० मधून १९०० आणि २७२ गेले, उरले ७२८. ते २७२ हून कितीतरी जास्त, म्हणजे गाडी एन-१ होऊ शकते. आता सात आसनी एसयूव्ही घ्या, कमाल २६००, तयार १९५०. सहा जणांचे ४०८ किलो गेले की उरतात २४२. माणसं भारी पडली, गाडी एम-१. दिसायला दोन्ही सारख्याच दणकट असल्या तरी वजाबाकीला दिसण्याशी काही घेणंदेणं नाही.

दुचाकींपाशी मात्र ही सगळी शिस्त गळून पडते. तिथे आसनं विचारत नाहीत आणि वजनही नाही. इंजिन ५० सीसीपर्यंत आणि वेगही ठरलेल्या मर्यादेत असेल तर मोपेड, त्यापुढे मोटरसायकल. घोळ होतो तो क्रमांकांत. जिनिव्हाच्या यादीत मोटरसायकल एल-३ आहे आणि एल-२ ही तीन चाकांची मोपेड. भारतात मोटरसायकल एल-२. विजेच्या दुचाकींच्या अनुदानाच्या कागदात ‘एल-१ आणि एल-२’ लिहिलेलं असतं ते आपल्या यादीप्रमाणे. परदेशी तक्ता शेजारी ठेवून तो कागद वाचणारा फसतो. रिक्षा दोन्हीकडे एल-५, आपण ती प्रवासी असेल तर त्यापुढे एम आणि मालाची असेल तर एन जोडतो.

शिवाय परवान्याचा कायदा या अक्षरांना विचारतच नाही. मोटार वाहन कायद्यातलं ‘हलकं वाहन’ ७५०० किलोंपर्यंत जातं, आणि एवढ्या वजनापर्यंतचं व्यावसायिक वाहनही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ७ टनांचा एन-२ ट्रक मोटारीच्या परवान्यावर चालवता येतो आणि ८ टनांचा एन-२ येत नाही. एकाच वर्गाच्या मधोमध दुसऱ्या कायद्याची रेघ.

परत आमच्या टेम्पोकडे. ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक करणारा नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गाड्यांना तो लागू आहे, एन-१ला नाही. सामान चढवून झाल्यावर चालकाने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, डाव्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि हडपसरचा रस्ता विचारला. ३४९० किलोंच्या त्या टेम्पोच्या केबिनमध्ये एक छोटा पंखा होता, डॅशबोर्डला तारेने बांधलेला.